अरबीत गेलेले सूचनापत्र कसे तपासावे: नावे, नकार आणि लिंग

पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत ओमान, येमेन, इराक या देशांतून उपचारासाठी रुग्ण येतात, आणि घरी परतताना त्यांच्या हातात औषधांच्या सूचनांचा एक कागद दिला जातो. हा कागद अनेकदा मशीनकडून अरबीत करून घेतात. मग तोच अरबी मजकूर पुन्हा इंग्रजीत किंवा मराठीत उलटवून पाहतात आणि अर्थ बरोबर आला की कागद छापतात. तपासणीची ही पद्धतच चुकीची आहे, कारण सर्वांत घातक चुका उलट भाषांतरात दिसत नाहीत. मराठीतल्या ‘घ्या’ला लिंग नाही आणि इंग्रजी आज्ञार्थालाही नाही, त्यामुळे अरबीत बाईला पुरुषासारखे संबोधले असले तरी उलटा आलेला मजकूर निर्दोष दिसतो. नकाराची संदिग्धताही अशीच झाकली जाते. म्हणून तपासणी अरबी मजकुरावरच करावी लागते.

हा लेख अरबी अक्षरे ओळखणाऱ्या, थोडे व्याकरण येणाऱ्या आणि रुग्णालयात दुभाषी म्हणून किंवा मदत कक्षात काम करणाऱ्या वाचकांसाठी आहे. उदाहरणासाठी डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे एक सूचनापत्र घेतले आहे. ते नमुना म्हणून रचलेले आहे, पण त्यातल्या चुका नेहमी आढळणाऱ्या आहेत.

टप्पा १: तयारी

मशीन उघडण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: रुग्णाचे नाव अरबी लिपीत, रुग्ण स्त्री की पुरुष, उपचार करणारे डॉक्टर स्त्री की पुरुष, आणि हा कागद प्रत्यक्षात कोण वाचणार. अरब देशांच्या पासपोर्टवर नाव सहसा अरबी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत असते. अरबी नाव तिथूनच उतरवावे, रोमन स्पेलिंगवरून तयार करू नये.

रुग्णाचे लिंग नावावरून ठरवू नये, ते पासपोर्टच्या रकान्यातून घ्यावे. हमज़ा आणि उसामा ही पुरुषांची नावे स्त्रीलिंगी वाटणाऱ्या अक्षराने संपतात, ज़ैनब आणि मरियम या स्त्रियांच्या नावांत ते अक्षर नसते, आणि नूर हे नाव दोघांचेही असू शकते.

मजकूर दोन रकान्यांत, एका ओळीत एक वाक्य अशा रीतीने मांडावा आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा. सलग परिच्छेदात गळलेले वाक्य लक्षात येत नाही.

उर्दू जाणणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. उर्दू कीबोर्डवरचे ‘ये’ आणि ‘काफ’ दिसायला अरबीसारखे असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती वेगळी अक्षरे आहेत. उर्दू कीबोर्डवर टंकलेला शब्द अरबी मजकुरात शोधला तर तो समोर असूनही सापडत नाही, आणि तपासणारा ‘हा शब्द इथे नाही’ असे समजून पुढे जातो. शोधण्यासाठी अरबी कीबोर्डच वापरावा.

टप्पा २: मूळ मजकूर सुधारून मगच मशीनला देणे

या टप्प्यात घालवलेली दहा मिनिटे पुढचा तासभर वाचवतात. मराठीत आपण सहज दुहेरी नकार वापरतो: ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका.’ यात ‘शिवाय’ आणि ‘नका’ असे दोन नकार आहेत आणि त्यांतला एक गळला की अर्थ उलटतो. हेच वाक्य असे मोडावे: ‘थेंब चालू ठेवा. बंद करावेसे वाटले तर आधी डॉक्टरांना विचारा.’ आता गळायला नकारच उरला नाही. ‘दुखत असेल तरच’ ऐवजी ‘फक्त दुखत असेल तेव्हा’ असे लिहावे. जिथे नकार टाळता येत नाही तिथे एका वाक्यात एकच नकार ठेवावा.

सर्व नावांच्या जागी खुणा टाकाव्यात. कंस वापरू नयेत, कारण उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात ते उलटतात. साधे अक्षर आणि अंक पुरतात:

```
N1 = रुग्णाचे नाव
N2 = डॉक्टरांचे नाव
```

*इशारा:* नावाच्या जागी खूण आली की ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष हे मशीनला कळत नाही आणि ते बहुधा पुल्लिंगी रूप देते. ही किंमत आपण जाणूनबुजून मोजतो, कारण लिंग नंतर नियमाने दुरुस्त करता येते. नाव एकदा बिघडले की ते ओळखणेच कठीण होते.

टप्पा ३: पहिले वाचन, फक्त नावांसाठी

भाषांतर आल्यावर आधी खुणा मोजाव्यात. मूळ मजकुरात N1 तीन वेळा असेल तर अरबीतही तीन वेळा असायला हवी. कमी असेल तर ते वाक्य गळले आहे किंवा मशीनने तिथे सर्वनाम घातले आहे. मोजणी जुळल्यावर खुणांच्या जागी अरबी नावे टाकावीत.

खुणा न वापरता आधीच झालेले भाषांतर हाती आले असेल, तर नावांची बिघाडी तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात नावाचे भाषांतर होते. रुग्णाचे नाव रोमन लिपीत Amal Said असे आहे आणि डॉक्टर आशा पाटील आहेत, असे समजू. Said हा शब्द मशीन ‘म्हणाला’ या अर्थाने घेऊ शकते आणि ‘आशा’चे ‘अमल’ करू शकते, कारण अरबीत अमल म्हणजे आशा:

```
أمل قال
د. أمل باتيل
```

पहिल्या ओळीचा अर्थ ‘अमल म्हणाला’ असा होतो, आणि दुसरीत डॉक्टरांना रुग्णाचेच नाव मिळाले आहे. कागदावर दोन अमल आल्याने कोणाला फोन करायचा आणि कोणाचा डोळा तपासला, हे कळेनासे होते. बरोबर रूपे अशी आहेत:

```
أمل سعيد
د. آشا باتيل
```

दुसऱ्या प्रकारात नाव नावच राहते, पण माणूस बदलतो. रोमन लिपीत ‘ऐन’ आणि ‘अलिफ’ यांतला आणि ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरक पुसला जातो, त्यामुळे Hamid चे हामिद होईल की हमीद, हे मशीन अंदाजाने ठरवते. अरबीत ही दोन वेगळी नावे आहेत. विमा किंवा औषधांच्या परवानगीचे कागद पासपोर्टशी जुळवताना हा एका अक्षराचा फरक अडचणीचा ठरतो. इथे पासपोर्टखेरीज दुसरा आधार नाही.

तिसरा प्रकार आपल्या नावांचा आहे. अरबी वर्णमालेत प, च, ट, ळ नाहीत आणि ‘ग’ लिहिण्याच्या पद्धती देशागणिक बदलतात. ‘पाटील’चे ‘बातील’ होणे ही चूक नव्हे. अरबीत तसेच लिहिले जाते. ‘चव्हाण’ मात्र कधी ‘शाफान’, कधी ‘काफान’ असे येते, कारण मशीन रोमन ch चा उच्चार ठरवू शकत नाही. ‘च’साठी ‘ते’ आणि ‘शीन’ ही दोन अक्षरे जोडून लिहावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण कागदात एकच रूप ठेवावे आणि डॉक्टरांच्या नावापुढे ते रोमन लिपीतही एकदा द्यावे, म्हणजे स्वागत कक्षात नाव दाखवून विचारता येते.

*तपासा:* प्रत्येक नाव आधी लिहून ठेवलेल्या अरबी नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का?

टप्पा ४: दुसरे वाचन, फक्त नकारासाठी

या वाचनात दुसरे काहीही दुरुस्त करू नये. लिंगाची चूक दिसली तरी सोडून द्यावी. एकाच वेळी दोन गोष्टी पाहणाऱ्याच्या नजरेतून नकार निसटतो.

आधी मूळ मजकुरातले नका, नये, नाही, शिवाय, विना, टाळा, तरच, फक्त हे सगळे शब्द अधोरेखित करावेत. मग त्याच क्रमांकाच्या अरबी वाक्यात त्यांचा जोडीदार शोधावा. अरबीत तो पुढीलपैकी एखाद्या रूपात येतो:

```
لا   لم   لن   ليس   غير   عدم   دون   إلا   ألا   يُمنع
```

संगणकाच्या शोध-सुविधेवर पूर्ण विसंबू नये. ‘ला’ ही अक्षरजोडी ‘तीन’ या अर्थाच्या ‘सलासा’ शब्दातही आहे, म्हणून नुसती अक्षरे मोजली तर आकडा फुगतो; आणि ‘व’ किंवा ‘फ’ जोडून आलेला ‘वला’, ‘फला’ सुटा ‘ला’ शोधताना सापडत नाही. ‘ग़ैर’ आणखी फसवा आहे. तो ‘-नसलेला’ या अर्थाचा नकार असतो, पण स्वरचिन्हे न लावता लिहिलेला ‘ग़ैयिर’ म्हणजे ‘बदल’ हा आज्ञार्थही तसाच दिसतो. ‘पट्टी बदला’ या वाक्यातला तो शब्द नकार म्हणून मोजला, तर गळलेल्या खऱ्या नकाराची जागा भरली गेल्याचा भास होतो. म्हणून बेरीज जुळवू नये, वाक्याला वाक्य जुळवावे.

गळलेला नकार शोधणे त्या मानाने सोपे आहे. नकार असूनही अर्थ डळमळीत राहणे जास्त अवघड असते, आणि त्याची दोन उदाहरणे नीट समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण ‘करू नये’चे. मशीन बहुतेक वेळा असे लिहिते:

```
لا يجب أن تفرك عينك
```

शब्दशः याचा अर्थ ‘डोळा चोळणे आवश्यक नाही’ असा होतो. आजच्या बोलीत बरेच लोक हे ‘चोळू नये’ याच अर्थाने वापरतात, पण काटेकोर वाचणाऱ्याला यात बंदी दिसणार नाही. उलट भाषांतरात मात्र ते बहुधा ‘चोळू नये’ असेच परत येते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकून राहते. औषधांच्या कागदावर संशयाला जागा ठेवू नये. नकार ‘यजिब’च्या आधी न ठेवता नंतर ठेवावा, किंवा सरळ ‘मनाई आहे’ असे लिहावे:

```
يجب ألا تفركي عينك
يُمنع فرك العين
```

दुसरे उदाहरण ‘इल्ला’चे. अरबीत ‘फक्त’ सांगण्यासाठी ‘ला … इल्ला’ अशी जोडी येते: ‘वेदना असल्याखेरीज गोळी घेऊ नका’. यातला ‘इल्ला’ गळला तर ‘वेदना असताना गोळी घेऊ नका’ असा नेमका उलटा अर्थ उरतो. शिवाय ‘अल्ला’ (न करणे) आणि ‘इल्ला’ (-खेरीज) यांच्यात फरक दाखवणारा हमज़ा टंकताना वगळला, तर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. माझे मत असे आहे की सूचनापत्रात ही जोडी मुळीच ठेवू नये. होकारार्थी आज्ञा लिहून शेवटी ‘फ़क़त’ घालावे. हा शब्द मराठीतल्या ‘फक्त’चेच मूळ आहे, त्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेलाही तो लगेच दिसतो.

*इशारा:* नकार घालताना क्रियापदाचे रूप बदलते. ‘तू पितेस’ हे स्त्रीला उद्देशून ‘तश्रबीन’ असते. ‘पिऊ नकोस’ सांगताना शेवटचा नून जातो आणि ‘ला तश्रबी’ होते. नून तसाच राहिला तर प्रमाण अरबीत ती मनाई राहत नाही, ‘तू पीत नाहीस’ असे विधान होते.

टप्पा ५: तिसरे वाचन, लिंगासाठी

लिंग शेवटी पाहण्याचे कारण इतकेच की नकार दुरुस्त करताना आपण नवी क्रियापदे लिहिलेली असतात, आणि तीही तपासली जायला हवीत.

स्त्रीला दिलेल्या आज्ञेत क्रियापदाच्या शेवटी ‘ये’ असते: पुरुषाला ‘इश्रब’, स्त्रीला ‘इश्रबी’.

```
اشرب
اشربي
```

‘तुझा डोळा’, ‘तुझे औषध’ यांतला ‘तुझा’ दाखवणारा ‘काफ’ मात्र स्वरचिन्हांशिवाय दोघांसाठी सारखाच लिहिला जातो. तो पाहून काही निष्पन्न होत नाही. क्रियापदे, विशेषणे आणि ‘लहू’ (त्याला), ‘लहा’ (तिला) अशी सर्वनामे पाहावीत. मराठीतल्या आदरार्थी ‘तुम्ही’मुळे मशीन कधी अनेकवचनी आज्ञाही देते. ती उद्धट वाटत नाही, पण सूचना सगळ्या कुटुंबाला आहे की काय, अशी शंका निर्माण होते.

यानंतर शरीराच्या अवयवांची विशेषणे पाहावीत. डोळा, कान, हात, पाय, गुडघा असे जोडीने असलेले बहुतेक अवयव अरबीत स्त्रीलिंगी आहेत. गाल आणि कोपर मात्र पुल्लिंगी. ‘डावा डोळा’ असा यायला हवा:

```
العين اليسرى
```

मशीनने ‘अल-ऐन अल-ऐसर’ असे पुल्लिंगी विशेषण दिले तर वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण कागदावरचा विश्वास कमी होतो, आणि बाजू सांगणाऱ्या शब्दात तसे होणे परवडणारे नाही. याच वेळी ‘उजवा-डावा’ मूळ कागदाशीही पडताळून घ्यावा.

जे बरोबर आहे ते ‘दुरुस्त’ करण्याचा मोहही इथेच होतो. अरबीत निर्जीव वस्तूंचे अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखे वागते, म्हणून ‘नवी औषधे’ या अर्थाची पुढील रचना अगदी शुद्ध आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः ती चूक समजून बदललेली आहे:

```
الأدوية الجديدة
```

तीन ते दहा या संख्यांचेही असेच आहे. पुल्लिंगी ‘दिवसां’आधी संख्येला स्त्रीलिंगी वाटणारा शेवट लागतो आणि स्त्रीलिंगी ‘वेळां’आधी लागत नाही. पुढील दोन्ही ओळी बरोबर आहेत, त्यांना हात लावू नये:

```
ثلاثة أيام
ثلاث مرات
```

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. कागद फक्त रुग्ण स्त्रीसाठी असेल तर प्रत्येक आज्ञा स्त्रीलिंगी करावी. कागद मुलगा किंवा पतीही वाचणार असेल, किंवा तोच मजकूर अनेक रुग्णांना द्यायचा असेल, तर आज्ञा न देता नामरूप वापरावे: ‘औषध घेणे आवश्यक आहे’, ‘डोळा चोळण्यास मनाई आहे’. या रचनेत लिंगाचा प्रश्नच येत नाही. दोन्ही पद्धती एका कागदात मिसळू नयेत. पहिल्या ओळीत ‘इश्रबी’ आणि चौथ्या ओळीत पुल्लिंगी आज्ञा असेल, तर चौथी सूचना सोबतच्या पुरुषासाठी आहे असा समज होऊ शकतो.

टप्पा ६: आकडे

मराठी वाचकासाठी इथे एक खास सापळा आहे. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि अरबी शून्य हा फक्त एक ठिपका असतो:

```
٥ = ५
٠ = ०
```

आपल्याकडची ‘१-०-०’ ही सकाळ-दुपार-रात्र लिहिण्याची पद्धत अरबी कागदावर कधीही वापरू नये. उजवीकडून वाचणाऱ्यासाठी सकाळची गोळी रात्रीची होते, आणि अरबी अक्षरांमागे आलेले आकडे पडद्यावर जागाही बदलतात. ‘सकाळी एक’ असे शब्दांतच लिहावे.

संपूर्ण कागद: आधी आणि नंतर

मूळ सूचना अशा होत्या: डावा डोळा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका, डोळा चोळू नये, दुखत असेल तरच गोळी घ्या. रुग्ण स्त्री आहे आणि डॉक्टरही स्त्री आहेत. मशीनचा मजकूर:

```
العين الأيسر
أوقف القطرة دون استشارة الطبيب
لا يجب أن تفرك عينك
لا تأخذ الحبة عند الألم
```

नकाराच्या वाचनात दुसऱ्या ओळीतला ‘नका’ गळलेला सापडतो: ‘डॉक्टरांना न विचारता थेंब बंद कर’. मूळ ओळीत दोन नकार होते, इथे ‘दून’ एकटाच आहे. तिसऱ्या ओळीत नकाराची जागा चुकली आहे. चौथीत ‘ला’ आहे पण ‘इल्ला’ नाही, त्यामुळे दुखत असताना गोळी घेण्यास मनाई झाली आहे. एकूण नकार मोजले तर तीन ओळींत तीन भरतात आणि सर्व ठीक वाटते, म्हणूनच वर वाक्याला वाक्य जुळवायला सांगितले आहे. त्यानंतर लिंगाच्या वाचनात पहिल्या ओळीतले विशेषण, तिन्ही क्रियापदे आणि ‘डॉक्टर’ हा शब्द पुल्लिंगी आढळतात. दुरुस्त मजकूर असा होतो:

```
العين اليسرى
لا توقفي القطرة دون استشارة الطبيبة
لا تفركي عينك
خذي الحبة عند الألم فقط
```

टप्पा ७: रुग्णासमोर शेवटची तपासणी

छापण्यापूर्वी मजकूर अरबी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने मूळ कागदाशी जुळवावेत. तो निर्णय दुभाष्याचा नव्हे. मग कागद रुग्णाच्या हातात देऊन ‘समजले का?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. ‘थेंब कधी बंद करणार?’, ‘ही गोळी केव्हा घेणार?’, ‘कोणता डोळा?’ असे विचारावे आणि उत्तर त्यांच्या शब्दांत ऐकावे. उत्तर चुकले तर तोंडी समजावून थांबू नये. ज्या ओळीने चुकीचा समज झाला ती ओळ बदलून कागद पुन्हा छापावा आणि आधीची प्रत परत घेऊन फाडावी. नाहीतर रुग्ण दोन्ही प्रती घरी घेऊन जातो आणि कोणती खरी, हे सांगायला तिथे कोणी नसते.